अनुभव धागा: शुभेच्छांमध्ये माणसाचा इमोजी कोणता लावता?

अर्धविराम (धागा सुरू करताना)

पदवी मिळालेल्यांना एकाच मजकुराचे अभिनंदन संदेश पाठवायचे असतात तेव्हा यादीत बहुतेक वेळा 'स. कुलकर्णी', 'किरण', 'शशी' अशाच नोंदी असतात. पुरुष की स्त्री, की यातलं काहीच नाही, हे यादीवरून कळत नाही आणि विचारायचंही कारण नसतं. मजकूर सांभाळून लिहिता येतो, पण शेवटी टोपी घातलेला माणूस लावायचा म्हटलं की 👩‍🎓 किंवा 👨‍🎓 यातलं एक घाईत लागून जातं. चुकीचं लागलं तर अभिनंदन बाजूलाच राहतं.

अशा वेळी तुम्ही नेमकं काय निवडता, ते कुठे सापडतं आणि समोरच्याच्या फोनवर ते कसं दिसतं? ज्यांनी हे वापरून पाहिलं आहे त्यांनी लिहावं.

टंकनिका

तिसरं रूप आहे: 🧑‍🎓. माणूस, टोपी आणि मध्ये दोघांना जोडणारं एक न दिसणारं अक्षर, अशी त्याची रचना आहे. बाईचं आणि पुरुषाचं रूपही असंच जोडलेलं असतं, फक्त पहिला तुकडा वेगळा. डोळ्यांनी तिघांमधला फरक बारीक अक्षरात कळत नाही, म्हणून मोठ्या यादीला पाठवण्याआधी तुकडे मोजून बघणं चांगलं. पायथन असेल तर एवढं पुरतं:

```python
for c in "🧑‍🎓":
    print(hex(ord(c)))
```

उत्तरात `0x1f9d1`, `0x200d`, `0x1f393` असे तीन आकडे येतात. पहिल्या जागी `0x1f469` आला तर ती बाई आहे, `0x1f468` आला तर पुरुष. मधला `0x200d` म्हणजे ते जोडणारं अक्षर.

🧑 हा नुसता माणूस 2017 मध्ये आला, त्याच्यासोबत 🧒 आणि 🧓 सुद्धा. पण त्याला टोपी, स्टेथोस्कोप, लॅपटॉप जोडलेली रूपं 2019 च्या शेवटी ठरली. त्यामुळे या मधल्या काळातल्या आणि नंतर अपडेट न झालेल्या फोनवर 🧑‍🎓 फुटतो आणि 🧑🎓 अशी दोन चित्रं शेजारीशेजारी दिसतात. अभिनंदनाच्या संदेशात ते अजिबात वाईट दिसत नाही. उलट 🙋‍♀️ फुटला तर 🙋 च्या पुढे ♀ ही खूण उघडी पडते, आणि जे सांगायचं नव्हतं तेच ठळक होतं.

साधासोपा

एवढं करायची गरज नाही. पिवळा इमोजी घ्यायचा, संपलं. पिवळा म्हणजे कुणाचाच नाही. आणि ज्याच्या पुढे ♀ किंवा ♂ नाही तो आपोआप सगळ्यांचा.

टंकनिका

@साधासोपा, खुणेबद्दलचं वाक्य 🙋 सारख्यांच्या कोडपुरतं बरोबर आहे, पिवळ्याचं नाही. पिवळा रंग त्वचेबद्दल आहे. 👩‍🎓 पिवळीच आहे, तरी बाईच आहे. रंग निवडला नाही तर त्वचेचा अंदाज टळतो, तेवढं मात्र खरं, आणि तोही टाळायलाच हवा.

खूण नसलेल्यांचं सांगायचं तर 🙋, 🙇 आणि 💁 हे तिन्ही 2010 पासून आहेत आणि तिन्हींच्या मूळ नावात 'व्यक्ती'च आहे. पण फोन बनवणाऱ्यांनी चित्रं काढताना हात वर करणारी आणि माहिती देणारी बाई काढली, वाकून नमस्कार करणारा पुरुष काढला. 2019 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ही चित्रं बदलली. म्हणून जुन्या फोनवर तुमचा '🙋 स्वागत!' हा निरोप बाईच्या चित्रासह पोचतो. कोडमध्ये चूक नसते, चित्रात असते, आणि पाठवणाऱ्याला ते स्वतःच्या पडद्यावर कधीच दिसत नाही.

💃 तर खूण नसूनही बाई आहे. मूळ नाव नुसतं 'नर्तक' असं होतं, पण बहुतेकांनी बाई काढली आणि 2016 मध्ये जोडीला 🕺 पुरुष आला. त्या दोघांच्या मधलं, तशाच नाचाचं तिसरं रूप नाही. पार्टीच्या शुभेच्छांना नाच हवा असेल तर मी 🎶 किंवा 🥳 लावते.

काजवा

🥳 ला माझंही मत. चेहरा आहे, माणूस आहे, पण केस नाहीत, कपडे नाहीत. 2018 चा आहे, त्यामुळे आता जवळपास सगळीकडे दिसतो. तसाच 🫂, दोन आकृत्या मिठी मारताना. तो 2020 चा, फार जुन्या फोनवर नुसती चौकट दिसेल. एकसंध इमोजींचं हेच आहे, ते फुटत नाहीत, सरळ गायब होतात. 🫅 हा मुकुटवाला 2021 चा, त्याचंही तेच. 🤴 आणि 👸 दोन्ही टाळून वाढदिवसाला तो लावायचा असेल तर समोरचा फोन बरा आहे ना, याचा विचार करा. नाहीतर 👑 आहेच, त्यात कुणाचा चेहराच नाही.

शब्दवेल्हाळ

चित्र तिसरं निवडून वाक्यात घसरणारे खूप आहेत. 'किरण, तू पदवीधर झालास 🧑‍🎓' असं लिहिलं तर इमोजीने काय वाचवलं? मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकतं. 'झालास', 'झालीस' दोन्ही टाळायचं तर 'तुम्ही पदवीधर झालात' हे सरळ आहे, कारण 'तुम्ही'बरोबरचं 'झालात' दोघांनाही चालतं. समवयस्काला 'तुम्ही' परकं वाटत असेल तर क्रियापदालाच रजा द्या: 'पदवी मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन, किरण!' इथे 'मिळाली' झालं तरी ती पदवीच्या लिंगाने, माणसाच्या नव्हे.

'प्रिय' दोघांना सारखं, 'लाडका' आणि 'लाडकी' नाही. 'आमचा गुणी विद्यार्थी' ऐवजी 'वर्गाचा अभिमान' म्हटलं की 'चा' अभिमानाला लागतो.

मधुमालती

मी समोरच्याने स्वतः वापरलेल्या इमोजीवरून ठरवते. एखादी व्यक्ती 🤷‍♀️ टाकते म्हणजे ती बाई. यात इतकं अवघड काय आहे ते मला कळलं नाही.

काजवा

मधुमालती, धागा न ओळखणाऱ्यांना पाठवायच्या संदेशाबद्दल आहे, पण तुमचा मुद्दा घेऊया. अँड्रॉइडच्या अनेक कीबोर्डांवर इमोजी दाबून धरला की बाकीची रूपं उघडतात, आणि एकदा निवडलेलं रूप पुढच्या वेळी आपोआप वर येतं. कुणी कधीतरी चुकून 🤷‍♀️ निवडला असेल तर महिनोन् महिने तोच लागत राहतो. त्यावरून माणूस ठरवणं कच्चं आहे. आयफोनवर तिन्ही रूपं शेजारीशेजारी वेगवेगळी असतात, तिथेही बोट शेजारच्यावर पडतंच. शब्द टाइप केल्यावर वर सुचणारं चित्र तर बिलकुल न बघता लागतं.

मधुमालती

ओळखीच्या माणसाने स्वतःबद्दल सतत एकच रूप वापरलं तरी तुम्ही त्याला तिसरंच पाठवणार? मला ते त्या व्यक्तीकडे दुर्लक्ष केल्यासारखं वाटतं.

काजवा

ओळखीच्या व्यक्तीला तिचं रूप पाठवा, त्यात माझा विरोध नाही.

सांजवारा

आमच्या मित्राच्या लग्नाला शुभेच्छा द्यायच्या आहेत, जोडपं दोन पुरुषांचं आहे. 💑 पाठवलं तर चालेल का?

टंकनिका

@सांजवारा, 💑 च्या कोडमध्ये लिंग नाही, पण जुन्या फोनवर एक बाई आणि एक पुरुष दिसतात. तुम्हाला दोघंही पुरुष आहेत हे माहीत आहे, म्हणजे इथे अंदाजाचा प्रश्नच नाही. 👨‍❤️‍👨 सरळ पाठवा, तो कित्येक वर्षांपासून आहे. माहीत नसलेल्या जोडप्याला मात्र 💍 किंवा 💐 बरं. 👰 आणि 🤵 2020 पासून व्यक्ती म्हणून धरले जातात, 👰‍♂️ आणि 🤵‍♀️ सुद्धा तेव्हाच आले. पण त्याआधी एक वधू आणि एक सूटमधला पुरुष अशीच त्यांची नावं होती, म्हणून जुन्या फोनवर तेच चित्र उमटतं.

कुटुंबाच्या 👪 चंही तसंच. नव्या फोनवर बिनचेहऱ्याच्या आकृत्या दिसतात आणि जुन्यावर आई, बाबा, मुलगा. तुम्ही आकृत्या बघून निर्धास्त पाठवता आणि पलीकडे एकट्या पालकाला भलतंच चित्र मिळतं.

मोजपट्टी

एसएमएस पाठवणाऱ्यांसाठी. मराठी मजकुराला एका एसएमएसमध्ये 70 जागा मिळतात. 🎓 दोन जागा घेतो, 🧑‍🎓 पाच (दोन, जोडणारं एक, परत दोन). 🙋 दोन आणि 🙋‍♀️ पाच. त्वचेचा रंग घेतला तर आणखी दोन. मजकूर 68 वर असेल तर 🎓 ने 70 होतात आणि संदेश एकच राहतो, 🧑‍🎓 ने 73 होऊन दोन संदेशांचा खर्च लागतो. शेकडो जणांना पाठवताना हा फरक लक्षात येतो.

कानोसा

पडदा न पाहता ऐकून फोन वापरणाऱ्यांना इमोजीचं नाव वाचून दाखवलं जातं. तिथे चित्र कसं काढलंय याला अर्थ नसतो, कोडचं नावच ऐकू येतं. म्हणून चित्रं सारखी दिसली तरी चुकीचं रूप कानाला लगेच टोचतं. एकच इमोजी तीनदा लावला तर नाव तीनदा ऐकावं लागू शकतं, म्हणून एकच लावा, आणि वाक्याच्या शेवटी. 'अभिनंदन'च्या मधोमध नको.

साधासोपा

टंकनिका, पिवळ्याचं मान्य. पण मग माणूस हवाच कशाला? नुसतं 🎓🎉 लावलं तर ना कोड तपासायला हवं, ना फोन.

शब्दवेल्हाळ

मला पटत नाही. वस्तू लावली की पदवीचं कौतुक होतं, माणूस लावला की मिळवणाऱ्याचं. शिवाय 🧑‍🎓 कुणाला खटकत नाही.

काजवा

खटकतो कधीकधी. काही फोनवर 🧑 चे केस असे काढलेत की कुणाला तो मुलगा वाटतो, कुणाला मुलगी. म्हणजे शेवटी वाचणाराच अंदाज बांधतो.

अर्धविराम

सगळ्यांचं वाचून यादीसाठी हे ठरवलं: 'पदवी मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन! पुढील वाटचालीस शुभेच्छा 🧑‍🎓'. मजकूर आणि इमोजी मिळून 70 च्या आत बसतं. पायथनने तुकडे तपासले, `0x1f9d1` आहे. यादीत 2017 नंतरचे पण अपडेट न झालेले फोन बरेच आहेत, त्यांच्यासाठी वेगळा मजकूर न करता हाच ठेवलाय, कारण फुटला तर माणूस आणि टोपी दिसतील.

काजव्याने केसांबद्दल लिहिलं त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कुणाला 🧑 नेहमी एकाच बाजूचा वाटत असेल तर कोणत्या फोनवर तसं दिसतं ते लिहा. पुढच्या यादीच्या वेळी 🎓 वर जायचं का, ते त्यावरून ठरवता येईल.