छपाईच्या फायनल बिलात खिडक्या वजा केल्याच नाहीत, वरून कडांचे पैसे वेगळे लावलेत. मदत हवी आहे

जिरावण_पोहे: इंदूरला रामबागेत आईचं जुनं घर आहे, त्याची रस्त्याकडची भिंत पावसाने पार फुगली होती म्हणून जुनी छपाई पाडून नवीन करून घेतली, फक्त बाहेरून, आतून काहीच केलेलं नाही. ठेकेदाराने काल फायनल बिल आणि नापाचा कागद दिला. भिंत 32 फूट गुणिले 21 म्हणजे 672 फूट. पाडणं 672 फूट 8 रुपयाने 5,376. छपाई 672 फूट 58 ने 38,976. मग खाली "खिडकीचे कोपरे" म्हणून 32 फूट, परत 58 ने 1,856. एकूण 46,208, अ‍ॅडव्हान्स 25,000 वजा, आता 21,208 द्या म्हणतो.

भिंतीत 4 बाय 4 च्या चार खिडक्या आहेत, 2 बाय दीडचे दोन झरोके आणि खाली जुन्या दुकानाचं 8 बाय 7 चं शटर. यातलं काहीच वजा नाही! हे बरोबर आहे का? आई म्हणते देऊन टाक, रोज त्याच गल्लीतून जातो तो.

गणित_पक्कं: सरळ लूट आहे. खिडक्या 64, झरोके 6, शटर 56, झाले 126 फूट. जिथे भिंतच नाही तिथे छपाई कसली? 546 फुटाचेच पैसे द्या.

बडोदेकर_मी: आमच्या सोसायटीत पण टेरेसच्या वॉटरप्रूफिंगच्या बिलावरून असंच झालं होतं, सेक्रेटरीने टीडीएस कापला तर ठेकेदार भांडायला आला. तुम्ही टीडीएस कापला का?

जिरावण_पोहे: अहो घरगुती काम आहे, टीडीएसचा प्रश्नच नाही इथे. नापाचं बोला ना कोणीतरी.

रिटायर्ड_ओव्हरसियर: पक्कं साहेब, अर्धंच बरोबर. सरकारी नापाची पद्धत अशी की अर्धा चौरस मीटर म्हणजे साधारण साडेपाच फुटापर्यंतचं भोक वजा करत नाहीत आणि त्याच्या कडाही मोजत नाहीत, तेव्हा झरोके विसरा. तीन मीटरच्या वर, म्हणजे सव्वाबत्तीस फुटाहून मोठं असेल तर पूर्ण वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. शटर त्यात येतं.

भानगड मधल्या मापाची, म्हणजे तुमच्या खिडक्यांची. छपाई एकाच बाजूने झाली असेल तर चौकट भिंतीत कुठे बसलीय ते बघायचं. जिरावणताई, बाहेरून चौकटीपर्यंत किती इंच खोल आहे ते फूटपट्टीने मोजून सांगा.

जिरावण_पोहे: मोजलं काका. बाहेरून 6 इंच. आतून चौकट भिंतीच्या सपाटीला लागूनच आहे.

रिटायर्ड_ओव्हरसियर: मग बाहेरच्या बाजूला खिडकी वजा होत नाही. मिस्त्रीने त्या सहा इंची कडा चारी बाजूंनी केल्या, कोपरा धरून धार काढणं सपाट भिंतीपेक्षा किचकट, त्याची भरपाई वजा न करण्यातच आली. छपाई एकाच बाजूची असल्यामुळे चौकट मधोमध असती तरी वजा झाली नसती, बाहेरची कड आतल्यापेक्षा कमी खोल असती तरच पूर्ण वजा केली असती. म्हणून खिडकी वजा न करणं त्याचं ठीक, पण वरून कोपऱ्यांचे 32 फूट लावले ते चूक, एकाच कामाचे दोनदा पैसे झाले.

आता हिशेब. 672 मधून शटरचे 56 गेले. शटरच्या दोन उभ्या कडा आणि वरची मिळून 22 फूट, सहा इंची, म्हणजे 11 फूट परत जोडा. झाले 627, 58 ने 36,366. त्याने छपाई आणि कोपरे मिळून 40,832 लावलेत. 4,466 जास्त. पाडण्यातूनही शटरचे 56 काढा, 448 रुपये. बाकी 21,208 नाही, 16,294 निघते.

गणित_पक्कं: पण हे सरकारी नियम खाजगी ठेक्याला लागू कसे?

रिटायर्ड_ओव्हरसियर: आपोआप नाही होत, कोटेशनमध्ये लिहिलं असेल तेच चालतं. ताई, काय लिहिलंय?

जिरावण_पोहे: "मालासकट 58 रुपये फूट, नापाप्रमाणे", एवढंच. आणि हो, शेवटी सिमेंट कमी पडलं म्हणून मी 6 पोती आणून दिली, 2,220 रुपये, ते पण बिलात कुठेच वजा नाही.

रिटायर्ड_ओव्हरसियर: रेट मालासकट असेल तर तुमचं सिमेंट वजा व्हायलाच हवं. एवढ्या भिंतीला वीस एमएमची एकास चार छपाई धरली तरी अकरा-बारा पोती पुरे. एकूण किती पोती आली ते विचारा, आणि नाप पुन्हा दोघांनी समोर उभं राहून घ्या, त्याच कागदावर दोघांच्या सह्या करा.

मिस्त्री_का_मुलगा: आमच्याकडे पाडताना खिडक्या वजा करतात, तिथे कडेची मेहनत तेवढी नसते.

रिटायर्ड_ओव्हरसियर: कडेची जुनी छपाईपण छिन्नीनेच काढावी लागते की. यावर साइटवर नेहमीच वाद होतो, 64 फुटाचे 512 रुपये आहेत, बघा ताणायचं का.

जिरावण_पोहे: आज संध्याकाळी आला होता. शटर आणि कोपरे लगेच मान्य केले, म्हणाला मुंशीने लिहिलं. सिमेंटचं मात्र म्हणतो की ती 6 पोती मागच्या पायऱ्यांना लागली, आणि पायऱ्या तर बिलात आहेतच नाहीत. पायऱ्या खरंच केल्यात त्याने, आईने सांगितल्या होत्या. आता पायऱ्यांची मजुरी कशी धरायची, नगावर की फुटावर?