प्रतिसाद: ‘ते वेगळे’ म्हणजे नेमकं काय वेगळं?

> ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ म्हणणाऱ्याला किर्लोस्करांचं नाव सांगितलं की म्हणतो, ‘ते वेगळे.’ यावर काय बोलायचं?

आधी तो काय बदलतोय ते बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकायचे, पुढे लोखंडी नांगर काढले, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यावर ‘हा कारखाना झाला, धंदा म्हणजे व्यापार’ असं आलं, तर निकष सरकला. व्यापारातलं नाव दिलंत की ‘आजच्या काळातलं सांगा’ येणार (आमच्या काकांचा हा हुकमी एक्का).

‘ते खरे टिपिकल मराठी नाहीत’ ही चाल निराळी. इथे निकष तोच राहतो, माणूसच गटाबाहेर काढला जातो. खरा मराठी कोण, तर ज्याला धंदा जमत नाही तो! मग विधान खोटं ठरूच शकत नाही, कारण निष्कर्ष व्याख्येतच शिरलाय.

म्हणून नाव सांगण्याआधीच विचारा: ‘धंदा कशाला म्हणता, मराठी कोण, आणि कोणतं उदाहरण दिलं तर मानाल?’ ‘बरं, बहुतेकांना जमत नाही’ म्हणाला तर ती पळवाट समजू नका. फक्त आता एकदोन नावांनी भागणार नाही, दोघांनाही आकडे आणावे लागतील.