मदत हवी आहे: गाडीच्या विम्याची पावसाळी आठवण कशी लिहावी? घाबरवायचं नाहीये

मृणाल_डिचोली
नमस्कार मंडळी. आमचं डिचोलीत विम्याचं छोटं कार्यालय आहे. मे-जूनमध्ये ज्यांच्या गाडीचा विमा संपतो त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण पाठवतो. यंदा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. साहेबांचा नमुना असा: "पाऊस आला! गाडी बुडाली तर लाखोंचा फटका! आजच विमा करा!!" वर साखळीच्या पुराचा फोटो. आमचे निम्मे ग्राहक साखळी-वाळपईचे. वाळवंटीचं पाणी बाजारात कसं चढतं ते आम्ही त्यांना शिकवायचं?

तरी पावसाचा उल्लेख ठेवायचाच आहे, कारण अडचण खरी आहे. एक उदाहरण देते. कार घेतली १० जून २०२४ ला. थर्ड पार्टी तीन वर्षांची, म्हणजे ९ जून २०२७ पर्यंत. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, मात्र दर वर्षी करावा लागतो, तो ९ जून २०२६ ला संपतोय. फोन केला तर म्हणतात, "अगो, माझा विमा सत्तावीसपर्यंत आहे." कागदावर तसं दिसतंही. हे मोजक्या ओळींत कसं सांगू? आणि पावसातलं कुठलं नुकसान मिळतं असं मी बेधडक लिहू शकते?

फोंड्याचा_बंड्या
कुठल्या कंपनीचा विमा स्वस्त ते सांगा आधी. माझ्या स्कूटरवर गेल्या पावसात शेजाऱ्याचा माड पडला. विमा चालू होता, पण एक पैसा मिळाला नाही. सगळे सारखेच.

जुना_सर्व्हेयर
बंड्या, स्कूटर कधी घेतलीस? आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन तारखा असतील, त्या दोन्ही वाचून सांग.

मृणाल, तुझ्या प्रश्नाकडे येतो. पूर, वादळ, गारा, दरड हे ओन डॅमेजच्या मूळ कलमातच आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही. झाड पडलं, जांभ्याचा गडगा कोसळून बॉनेटवर आला, तेही त्यातच. एवढं तू बेधडक लिही. फक्त "संपूर्ण भरपाई" हा शब्द वापरू नकोस, कारण घसारा कापला जातो.

तुझ्याच कारवर येत्या जुलैत गडगा पडला असं धर. तोवर गाडीला दोन वर्षं होऊन गेलेली, म्हणून धातूच्या भागावर १५ टक्के घसारा. बॉनेट ८,००० चं असेल तर ६,८०० मिळतील. बंपर प्लास्टिकचा, त्यावर ५० टक्के, म्हणजे ६,००० चे ३,०००. पुढची काच ७,००० ची, काचेवर घसारा नाही, पूर्ण मिळते. झाले १६,८००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारला ग्राहकाचे सक्तीचे १,००० वजा, उरले १५,८००. रंगकाम आणि मजुरीचा हिशेब वेगळा. झीरो डेप घेतलेला असेल तर घसाऱ्याची कात्री लागत नाही, पण ते १,००० जातातच.

विनय_म्हापसा
एवढी धावपळ कशाला? संपल्यावर ९० दिवसांची मुदत असते. आमच्याकडे सगळे चतुर्थीचा खर्च आटोपला की भरतात.

जुना_सर्व्हेयर
विनयबाब, ९० दिवस खरे आहेत, पण ते नो क्लेम बोनस टिकवण्यासाठी. विमा ९ जूनच्या मध्यरात्री संपतो तो संपतोच. ९ जूनपासून ९० दिवस मोज, ७ सप्टेंबर येतो. म्हणजे बोनस शाबूत, पण अख्खा पावसाळा गाडी ओन डॅमेजविना. शिवाय खंड पडल्यावर कंपनी आधी गाडीची तपासणी करते, फोटो मागते, मग नवा विमा सुरू होतो. मधल्या काळातला पोचा नव्या विम्यात बसत नाही.

फोंड्याचा_बंड्या
बघितलं. स्कूटर २०२३ ची. एका ठिकाणी २०२८ आहे, दुसरीकडे २०२४. म्हणजे काय समजायचं?

मृणाल_डिचोली
बंड्याभाऊ, दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांची असते. दुसऱ्याला इजा झाली, दुसऱ्याचं नुकसान झालं तर ती कामाला येते. तुमच्या स्वतःच्या स्कूटरचा भाग २०२४ मध्येच संपला, नंतर केलेला दिसत नाही. माड कुठल्याही कंपनीच्या थर्ड पार्टीत बसला नसता.

काका, इंजिनाचं काय लिहू? सगळे तेच विचारतात.

जुना_सर्व्हेयर
तिथे जपून लिही. उभ्या गाडीत पाणी शिरलं, सीट, कार्पेट, वायरिंग भिजलं, तर ते पुराचं नुकसान. पण पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलेलं असताना कोणी स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाणी काही दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते भिजवलं पुराने, वाकवलं तुम्ही. उघडल्यावर कळतंही: दाराच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ, फिल्टर ओला आणि रॉड सरळ, तर गाडी कोणी चालू केलेली नाही. रॉड वाकलेला असेल तर प्रश्न सुरू होतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, तेही साधारण नूतनीकरणाच्या वेळीच. गाडीच्या वयाची अट कंपनीगणिक निराळी.

गॅरेजवाला_साखळी
काकांचं बरोबर, पण चालत्या गाडीचं काय? पाण्यातून जाताना बंद पडली, पुन्हा स्टार्टर मारलाच नाही, तरी रॉड वाकलेला असतो. माझ्याकडे अशा दोन गाड्या आल्या. एकीला इंजिनासकट पैसे मिळाले, दुसरीला नाही. दोघांकडेही इंजिन प्रोटेक्ट नव्हतं.

जुना_सर्व्हेयर
त्यावर आमच्यातही वाद असायचे. अचानक पाण्यात सापडला की समोर दिसत असून घातली, यावरच सगळं फिरतं. संदेशात त्यात शिरू नकोस.

मृणाल_डिचोली
मग असं लिहिलंय, बघा:

"नमस्कार. आपल्या कारचा थर्ड पार्टी विमा ९ जून २०२७ पर्यंत आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र ९ जून २०२६ च्या मध्यरात्री संपतो. पूर, वादळ, दरड, झाड पडणे यांची भरपाई याच भागातून, पॉलिसीच्या अटींनुसार मिळते. पाणी शिरून इंजिनात झालेला बिघाड साधारणपणे यात येत नाही. त्यासाठी वेगळं कव्हर आहे, ते ऐच्छिक आहे. दोन वर्षांत क्लेम नसल्याने आपल्याला २५ टक्के नो क्लेम बोनस लागू होतो. नूतनीकरण झालं असल्यास हा संदेश सोडून द्यावा."

विनय_म्हापसा
लांब झालंय. बोनस पहिल्या ओळीत घाल, पैसे वाचतात म्हटलं की लोक वाचतात.

जुना_सर्व्हेयर
नको, तारीखच आधी राहू दे. बोनसचा आकडा प्रत्येकाचा वेगळा, तो गाडीगणिक तपासून घाल. आणि पाठवण्याआधी मजकुराला कंपनीची लेखी मंजुरी घे. एजंटाच्या जाहिरातीला ती लागते. आठवणीत कव्हर सुचवलंस की ती निव्वळ आठवण राहत नाही.

मृणाल_डिचोली
मंजुरीसाठी आजच पाठवते. साहेब मजकुराला हो म्हणालेत, फोटोवर अजून अडून बसलेत. बंड्याभाऊ, स्कूटरची आरसी आणि ती २०२४ ची पॉलिसी घेऊन या. आधी तपासणी होईल, त्यामुळे स्कूटरही आणावी लागेल.

फोंड्याचा_बंड्या
स्कूटर अजून माडाखालीच लावतो. रविवारी उघडं असतं का?