मदत हवी आहे: लॅपटॉप बंद पडला, सरांना मेल कसा लिहावा?

प्रोजेक्ट रिपोर्ट आज, मंगळवारी रात्री १२ पर्यंत द्यायचा आहे आणि लॅपटॉप INACCESSIBLE_BOOT_DEVICE दाखवून अडकलाय. BIOS मध्ये एसएसडी दिसते, त्यामुळे डेटा शाबूत असण्याची आशा आहे. ती काढून यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणार आहे. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळाली. कोड गिटहबवर आहे; शेवटची दोन प्रकरणं मात्र फक्त त्या एसएसडीवर.

मेलचा मसुदा असा:

"आदरणीय सर, लॅपटॉप सुरू होत नसल्याने पूर्ण रिपोर्ट आज देता येणार नाही. कोडची लिंक आणि पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवत आहे. उरलेली दोन गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत देईन. फाइल्स परत मिळाल्या नाहीत, तरी आलेख कोडमधून पुन्हा काढून हीच वेळ पाळेन. ही वेळ चालेल का, कृपया कळवावे."

गुरुवार मुद्दाम धरलाय, कारण प्रकरणं नव्याने लिहावी लागली तर बुधवार पुरणार नाही, आणि दुसऱ्यांदा मुदत मागणं जास्त वाईट दिसेल. एरर स्क्रीनचा फोटो आताच जोडावा, की सरांनी मागितल्यावर? आणि मेल विभागप्रमुखांनाही सीसी करावा का?