रविवारी राहिलेलं भाषण

नमस्कार मंडळी,

रविवारी हॉलमध्ये माझं निरोपाचं भाषण तिसऱ्या वाक्यालाच अडकलं, माइक यांनी घेतला आणि "चला, जेवायला बसा" म्हणून मोकळे झाले. राहिलेलं इथे लिहिते.

आम्ही २००८ साली टोकियोत, निशी-कासाईत आलो तेव्हा दोन वर्षांत परतायचं ठरलं होतं. सतरा झाली. का झाली, ते सांगायचं होतं.

११ मार्च २०११, दुपारी पावणेतीन. नवव्या मजल्यावर मी आणि चार महिन्यांची सई. हादरे थांबले तेव्हा लिफ्ट बंद, फोन लागेना, गॅस पेटेना. हे ओतेमाचीहून चालत निघाले होते. दहा-एक किलोमीटरच, पण फुटपाथवर अख्खं टोकियो चालत होतं. एइताई-दोरी धरून, अराकावावरचा पूल ओलांडून घरी यायला साडेतीन तास लागले. त्याआधीच स्मिताताई नऊ जिने चढून हजर. धापा टाकत पहिला प्रश्न, "मीटर बघितलास का?" मला वाटलं विजेचा. तिने दाराबाहेरचं लोखंडी कपाट उघडलं. गॅसच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकत होता. मोठा भूकंप झाला की तो मीटर आपणहून गॅस तोडतो, हे मला अडीच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिने सगळी बटणं बंद असल्याची खात्री केली, गॅसचा वास येत नाही ना ते पाहिलं, मीटरची टोपी काढून आतलं बटण दाबलं. मग तीन मिनिटं आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत उभ्या. दिवा विझला, सईचं पाणी उकळलं.

बारा दिवसांनी टीव्हीवर बातमी आली. कानामाचीच्या केंद्रातल्या पाण्यात लिटरमागे २१० बेक्वेरेल किरणोत्सारी आयोडीन, तान्ह्या बाळांसाठी मर्यादा १००. आमच्या नळाला तेच पाणी. मोठ्यांनी प्यायलं तर हरकत नाही, बाळाला देऊ नका. संध्याकाळपर्यंत कोंबिनीत एक बाटली उरली नव्हती. आणि रात्री दार उघडलं तर बाहेर दोन-दोन लिटरच्या सहा बाटल्या, एकीवर चिकटपट्टी, त्यावर देवनागरीत "सईसाठी". विनयकाका, तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. आता तरी करा.

बाकी सगळं आवरलंय. सोफ्याला सोदाई गोमीचा स्टिकर लावलाय, मंगळवारी गाडी येईल. वॉर्ड ऑफिसात तेन्शुत्सु-तोदोके दिलं. त्या काउंटरवरच्या बाईंनी "कधी परत येणार?" विचारलं तेव्हा मात्र मला बोलता आलं नाही. नाशिकला या, खोली आहे.

– अनघा

———

वहिनी, सोफा कितीला देताय? आणि मिक्सर असेल तर ट्रान्सफॉर्मरसकट हवा. आमचा १०० व्होल्टवर नुसता कण्हतो, खोबरं तसंच राहतं.

– केदार

———

केदार, अरे सोफा टाकलाय, विकायला नाही काढलेला. मिक्सर स्मिताताईला दिला.

अनघा, एक कामाचं. दादाला सांग, जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत पेन्शनचा अर्ज टाक, भरलेले पैसे एकरकमी परत मिळतात. पाच वर्षांपर्यंतचेच मिळतात, वरचे गेले. माझ्या मित्राने मागच्याच वर्षी घेतले.

– राहुल

———

राहुल, दोन वर्षांचं बरोबर, पण ते यांना लागू नाही. दहा वर्षांहून जास्त भरलं की एकरकमी परतावा मिळतच नाही, ते इथल्या म्हातारपणाच्या पेन्शनला पात्र ठरतात. म्हणजे सतरा वर्षांचं काही बुडत नाही, ६५ नंतर नाशिकला बसून घ्यायचं. पेन्शन नंबर मात्र कागदावर लिहून ठेवा, तेव्हा कुणाला आठवत नाही. तुझी किती झाली, सहा ना? मग घाई करू नकोस. एकदा परतावा घेतलास की ती सहा वर्षं पुसली जातात, आणि भारताशी करार असल्यामुळे तिकडची पीएफची वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. तुझ्या बाबतीत नक्की काय फायद्याचं, ते पेन्शन ऑफिसात विचार, मी छातीठोक सांगणार नाही.

अनघा, आता बाटल्यांचं. चौदा वर्षं तू मला त्यांचे धन्यवाद देतेस आणि मी हसतो, कारण तुला वाटतं मी लाजतोय. तो आठवडाभर मी ओसाकाला होतो गं. कंपनीने तिकडे हलवलं होतं.

– विनयकाका

———

माझ्याकडे बघू नका. मी मीटरपुरती.

पण त्या आठवड्यात आपली बरीच घरं मिळेल त्या विमानाने भारतात गेली, काही परत आलीच नाहीत. निघताना घरातलं पाणी कुणीतरी तुझ्या दारात ठेवलं असेल.

– स्मिता

———

ती पट्टी मी सईच्या लसीकरणाच्या वहीत चिकटवून ठेवलीय. वही कोणत्या खोक्यात गेली ते शोधते आणि रात्री फोटो टाकते. जुन्या मंडळींपैकी कुणाला अक्षर ओळखता आलं तर बघा. "स" चा पाय जरा लांब आहे.

– अनघा