‘दखल घ्यावी’ की ‘पाहणी करावी’?

प्रश्न : सोसायटीच्या समितीला मी जवळजवळ दोन पाने मजकूर लिहिला आहे. त्यातला एक भाग असा : ‘आम्ही काय माणसे नाही का? कित्येक दिवस न्हाणीघराच्या छतातून गळती होते आहे, सासूबाई दोनदा घसरता घसरता वाचल्या, समितीला मात्र समारंभांसाठी वेळ आहे! कृपया याची त्वरित दखल घ्यावी.’ हा मजकूर थोडक्यात आणि सभ्य शब्दांत कसा मांडावा?

पहिले उत्तर : ‘तक्रार’ हा शब्द कोठेही येऊ देऊ नये, सर्वत्र ‘नम्र विनंती’ लिहावे, म्हणजे कोणी दुखावत नाही.

दुसरे उत्तर : मी काही वर्षे सोसायटीचा सचिव होतो. विनंतीचा सूर ठीक आहे, पण विषयाच्या ओळीत ‘तक्रार’ असेल तर पत्राची नोंद तशी होते आणि पुढे तिचा आधार घेता येतो. खरी अडचण ‘दखल घ्यावी’ या शब्दांत आहे. हिंदीत ‘दखल देना’ म्हणजे हस्तक्षेप करणे, तर मराठीत ‘दखल घेणे’ म्हणजे लक्षात घेणे. त्यामुळे ‘दखल घेतली आहे’ एवढे उत्तर आले, तरी समितीने तुमचे मागणे पूर्ण केले असेच होते. ‘त्वरित’ला तारीख नसते. ‘दुरुस्ती करावी’ हेही घाईचे ठरेल, कारण पाणी वरच्या घरातील नळातून येते की सामाईक नळातून, यावर खर्च कोणाचा हे अवलंबून असते. म्हणून आधी पाहणी मागावी. सासूबाईंचे घसरणे मात्र गाळू नये, कारण घाई का आहे हे त्यावरूनच कळते. मी असे लिहीन :

‘विषय : न्हाणीघराच्या छतातील गळतीबाबत तक्रार. १० जूनपासून आमच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकत आहे. १५ आणि २४ जून रोजी हे तोंडी कळवले होते. फरशी ओली राहत असल्याने घरातील ज्येष्ठ व्यक्ती दोनदा घसरता घसरता वाचल्या. कृपया ५ जुलैपर्यंत पाहणी करून गळतीचे कारण लेखी कळवावे. छायाचित्रे जोडली आहेत.’

तारखा नमुन्यादाखल आहेत, तेथे तुमच्या घालाव्यात.

तिसरे उत्तर : आमच्या भिंतीलाही बुरशी आली आहे, तर हाच मजकूर चालेल का?

दुसरे उत्तर देणारे : जसाच्या तसा नाही. थेंब पडत नसतील तर ‘गळती’ऐवजी ‘ओल’ लिहावे, नाही तर पाहणीला आलेला माणूस ‘येथे गळती नाही’ असे लिहून जातो.

चौथे उत्तर : ‘पाहणी करण्यात यावी’ अधिक अदबीचे वाटत नाही का?

दुसरे उत्तर देणारे : वाटते, पण त्या रचनेत पाहणी कोणी करायची ते नाहीसे होते. ‘समितीने पाहणी करावी’ यात अदबही राहते आणि कर्ताही.

प्रश्नकर्ती : समारंभांचे वाक्य गाळले, जरी लिहिताना बरे वाटले होते. विषयात मात्र ‘तक्रार’ लिहायला अजून धजावत नाही, कारण सचिव आमच्याच मजल्यावर राहतात.