मधमाशा गेल्या तर नेमकं काय कमी होईल?

निबंधवाली: आठवीच्या मुलांसाठी मधमाशांवर निबंध लिहिलाय. शेवट आइन्स्टाइनच्या वाक्याने केलाय, ‘मधमाशा संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल.’ ठेवू का?

शंकासुर: काढून टाका. आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा पुरावा नाही. शिवाय गहू, तांदूळ, मका यांना माशी लागतच नाही. गहू-तांदळाचं स्वपरागण होतं, मक्याचा पराग वारा नेतो. पोट भरायचं ते भरेलच. उगाच मुलांना घाबरवू नका.

रानवेल: वाक्य काढा, हे पटलं. पण पोट भरण्यावर विषय संपत नाही. निबंधात एकच पीक घ्या, भोपळा. त्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाखाली इवलंसं फळ आधीपासूनच असतं. पराग जड आणि चिकट, वाऱ्याने हलत नाही. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणजे जे व्हायचं ते त्या सकाळीच. माशी मधासाठी येते, पराग अंगावरच्या केसांना चिकटतो. बराचसा ती पायाने झाडून, गोळा करून पोळ्यात नेते, तो वेलीच्या कामाचा नाही. केसांत अडकून राहिलेला मादी फुलापर्यंत पोचतो. एका भेटीत भागत नाही. पराग कमी पडला तर काही बिया धरतच नाहीत आणि त्या बाजूचा गर फुगत नाही, फळ वाकडं होतं. अजिबात न पडल्यास ते पिवळं होऊन गळतं.

गच्चीवाला: माझी फळं सुपारीएवढी होऊन गळतात! खत कमी पडतंय ना?

रानवेल: असेलही. आधी तपासा. सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी फिरवा. हाताने लावलेली फळं टिकली आणि बाकीची गळली, तर माशाच कमी आहेत. तीही गळली तर पाणी, खत, वेलीवरचा भार बघा.

शंकासुर: म्हणजे हाताने जमतं! आणि जगात पाळीव मधमाशांच्या पेट्या १९६१ पासून वाढल्यात, घटल्या नाहीत. मग टंचाई कसली?

रानवेल: गच्चीवरच्या वेलीला जमतं, शेतभर रोज सकाळी कोण करणार? पेट्या वाढल्या हे खरं, पण अनेक ठिकाणी रानमाशांच्या जाती घटल्यात आणि सगळी फुलं पाळीव माशीला साधत नाहीत. टोमॅटोच्या फुलातून पराग सुटायला ते थरथरवावं लागतं, ते भुंगे करतात. पाळीव माशीला जमत नाही.

शंकासुर: टोमॅटो तर वाऱ्यानेही धरतो.

रानवेल: धरतो, पण भुंग्याने थरथरवलं की फळ सहसा जास्त आणि मोठं धरतं. घट अशीच असते. पीक एकदम शून्यावर येत नाही. फळं कमी, लहान, महाग होतात, आणि जीवनसत्त्व अ आणि क बरंचसं अशाच पिकांतून येतं.

निबंधवाली: वाक्य काढते, भोपळा घेते. पण ‘पेट्या वाढल्यात’ लिहिलं तर मुलं म्हणतील, मग काळजी कशाला?

शंकासुर: म्हणू देत की. मीही तेच विचारतोय.